"ओळखलंस का?" हा प्रश्न विचारू नका

मागच्या एका श्रावणातली गोष्ट. मी भाजी निवडत बसले होते, फोन जेवणाच्या टेबलावर पडलेला. सून तिथेच चहा पीत होती. फोन उजळला आणि तिनं सहज वाचलं, "आई, कुणीतरी विचारतंय, ओळखलंस का?" नंबर अनोळखी. फोटोच्या जागी सूर्योदय. नाव म्हणून इंग्रजीतली दोन अक्षरं आणि पुढे हात जोडलेले.

मी म्हटलं, असेल कुणी जुना विद्यार्थी. पण विद्यार्थी मला "ओळखलंस" म्हणणार नाही. मी काही उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांत दुसरी ओळ आली : "ग्रुपवर कळलं की तू आता एकटी आहेस." तीही सुनेनंच वाचली, कारण फोन अजून तिच्याच समोर होता. ती काही बोलली नाही. कप घेऊन उठली आणि फोन माझ्याकडे उलटा करून ठेवला. त्या उलट्या ठेवण्यानं मला जितकं लाजल्यासारखं झालं तितकं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी काहीही केलेलं नव्हतं, तरी.

आमचे हे जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. बी.ए.च्या बॅचचा एक ग्रुप आहे, तिथे कुणीतरी बातमी टाकली होती. साठ-सत्तर जणांनी हात जोडले. त्यातल्याच एका गृहस्थांना पन्नास वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवलं असावं. त्यांचं नाव इथे देत नाही, देण्याचं कारणही नाही. माणूस वाईट नसावा. पण त्यांनी जे केलं ते हल्ली सगळीकडे चाललं आहे, त्याला कुणी चुकीचं म्हणत नाही, उलट "किती गोड" म्हणतात. म्हणून हा लेख.

कॉलेजात आवडलेल्या व्यक्तीला चाळीस-पन्नास वर्षांनी संपर्क करावा की नाही, यावर माझ्या वयाच्या मंडळींत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, "या वयात हे शोभतं का?" दुसरा म्हणतो, "आयुष्य किती उरलंय? मनात ठेवू नका, सांगून टाका." मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला भित्रा आहे आणि दुसरा आपमतलबी. संपर्क जरूर करावा, असं माझं मत आहे. मी स्वतः केला आहे, तेही पुढे सांगते. पण कसा करावा याला काही रीत आहे, आणि ती रीत शिष्टाचाराच्या पुस्तकातली नाही, समोरच्या माणसाच्या घरात त्या वेळी काय चाललं असेल याचा विचार करण्याची आहे.

आयुष्यभर वह्या तपासल्या, त्यामुळे सवयीनं हा मेसेजही तपासते.

पहिलं वाक्य, "ओळखलंस का?" हा प्रश्न नाही, परीक्षा आहे. लिहिणाऱ्याला उत्तर माहीत, वाचणाऱ्याला नाही. "नाही ओळखलं" म्हणावं तर उद्धटपणा वाटतो आणि "ओळखलं" म्हणावं तर खोटं. तिसरा मार्ग म्हणजे "कोण?" असं विचारणं, आणि तेवढं विचारलं की संभाषण सुरू झालंच! तुम्हाला ते करायचं होतं की नाही, हे कुणी विचारलंच नाही. दारावरची बेल वाजवून आडोशाला लपण्यासारखंच हे. मुलं करतात तेव्हा आपण हसतो. सत्तरीचा माणूस करतो तेव्हा दार उघडणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो.

याच्या पुढची अडचण तर पुरुषांच्या लक्षातच येत नाही. आमच्या पिढीतल्या बायकांची नावं बदललेली आहेत. आडनाव तर बदललंच, पण कित्येकींचं पाळण्यातलं नावही लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत बोटानं लिहून बदललं. माझंही बदललं. कॉलेजात मला ज्या नावानं हाक मारायचे ते नाव आज माझ्या आधार कार्डावर नाही, बँकेत नाही, साजगावात तर कुणाला ठाऊकसुद्धा नाही. म्हणजे एखाद्या बाईला शोधायचं तर माहेरच्या नावानं ती सापडत नाही आणि सासरचं नाव शोधणाऱ्याला माहीत नसतं. मग तो काय करतो? कुणाकडून तरी नंबर मिळवतो. इथेच खरी चूक होते.

नंबर मिळवणं आणि नंबर मागणं यात फरक आहे. ग्रुपमध्ये नंबर दिसतो म्हणून तो आपल्याला दिला आहे असं होत नाही. बाई ग्रुपमध्ये सगळ्यांसाठी असते, एकट्या तुमच्यासाठी नाही. मैत्रिणीकडून मागून घेतला तरी तो मैत्रिणीनं दिला, तिनं नाही. यावर सोपा उपाय आहे. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला सांगावं, "तिचा नंबर मला देऊ नका. माझा नंबर तिला द्या आणि माझं नाव सांगून विचारा, मी दोन ओळी लिहिल्या तर चालतील का." एवढ्यानं निम्मं काम होतं. नको असेल तर ती मधल्या माणसाला नाही म्हणते. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा ते फार सोपं असतं, आणि विचारणाऱ्याचाही मान राहतो. पूर्वी स्थळं अशीच मधल्या माणसामार्फत चालायची, ते उगीच नव्हतं.

आता "ओळखलंस" मधला तो "लंस". आम्ही पनवेलला बी.ए.ला होतो तेव्हा, म्हणजे १९७१ ते ७४, वर्गातली मुलं-मुली एकमेकांना अहो-जाहो करत. हल्लीच्या मुलांना हे सांगितलं की हसू येतं. पण जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हाची ही गोष्ट, रायगड नाव १९८१ साली झालं. मुलगी मुलाशी बोलली तर वहीपुरती, आणि तेही "तुमची वही द्याल का" असं. या गृहस्थांनी मला तीन वर्षांत एकदाही तू म्हटलं नव्हतं. मग पन्नास वर्षं अजिबात न भेटता "तुम्ही"चं "तू" कसं झालं? माणसं भेटत राहिली की अंतर कमी होतं. यांच्या मनात मात्र न भेटताच कमी झालं. ते सगळं त्यांच्याच मनात झालं, मी त्यात नव्हतेच. वाचणाऱ्याला विचित्र वाटतं ते हेच. शब्द साधाच असतो, पण त्यातून कळतं की हा माणूस आपल्याशी बोलत नाही, त्याच्या मनातल्या कुणाशी तरी बोलतो आहे.

माझा नियम सोपा आहे. तेव्हा जे सर्वनाम होतं तेच आज वापरावं. शंका असली तर "तुम्ही". समोरच्यानं "अरे तुम्ही काय, तू म्हण" म्हटलं तर मग तू. तो अधिकार ज्याला पत्र आलं त्याचा, लिहिणाऱ्याचा नाही.

दुसऱ्या ओळीबद्दल, त्या "एकटी"बद्दल, फार लिहवत नाही. एवढंच सांगते की वर्षाच्या आत बाईच्या (किंवा पुरुषाच्याही) दुःखाला दार समजून आत येऊ नये. सांत्वन करायचं असेल तर गेलेल्या माणसाबद्दल लिहावं. त्यांचं नाव घ्यावं, भेटला असाल तर आठवण सांगावी, नसाल भेटलात तर फक्त नमस्कार. सांत्वनाच्या पत्रात स्वतःची जुनी ओढ मिसळली की ते दोन्हीपैकी काहीच राहत नाही.

आता त्या दुसऱ्या पक्षाकडे वळते. "सांगून टाका" म्हणणाऱ्यांकडे. यांचं म्हणणं असं की तेव्हा धीर झाला नाही, आता सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? मन मोकळं होईल. कुणाचं मन? लिहिणाऱ्याचं. वाचणाऱ्याच्या हातात मात्र एक अशी गोष्ट येते की जिचं काय करायचं हे तिला कळत नाही. "तुम्ही मला फार आवडायचात" याला उत्तर काय द्यायचं? "तुम्हीही मला" म्हणावं तर पुढे काय? "मला कल्पना नव्हती" म्हणावं तर समोरच्याचा हिरमोड. गप्प बसावं तर तुसडेपणा. तिन्ही उत्तरं वाईट. ज्या पत्राला एकही चांगलं उत्तर नसतं ते पत्र पाठवणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं आणि वर "हलकं वाटलं" म्हणणं.

आमच्या पिढीच्या डोक्यात हे खूळ पुस्तकांनीही भरवलं, हे कबूल करायला हवं. आम्ही कॉलेजात असतानाच, १९७२ साली, 'कुसुमानिल' आलं. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची पत्रं. कुसुमावतीबाई तेव्हा हयात नव्हत्या, १९६१ मध्येच गेल्या होत्या. आम्ही मुलींनी ते पुस्तक एकमेकींत फिरवलं. मुलांनीही वाचलं असणार. त्यातून सगळ्यांना वाटलं की मनातलं लिहिलं की झालं, पुढचं आपोआप होतं. पण आम्ही एक गोष्ट पाहिली नाही. ती पत्रं दोघांची होती. एक पत्र गेलं की दुसरं येत होतं. जिथे दुसऱ्या बाजूनं एकही पत्र नाही तिथे पहिल्याच पत्रात सगळं ओतणं, याचा त्या पुस्तकाशी काही संबंध नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, मग तुमचं आणि पहिल्या पक्षाचं एकच की. लिहूच नये. नाही. आता माझी गोष्ट सांगते.

वर्गात एक जण होते. चौकचे. मी खोपोलीची. सकाळची पनवेलची एस.टी. मला खोपोलीला मिळायची, ते चौकला चढायचे. बोलणं फार नव्हतं. पण चौक यायच्या आधी मी खिडकीतून बाहेर बघायला लागायचे, एवढं मला आठवतं आणि एवढं पुरे. त्यांचा मराठी व्याकरणाचा हात चांगला होता, माझा कच्चा. प्रयोग मला कळायचे नाहीत. परीक्षेच्या आधी एकदा परतीची गाडी चौकच्या स्टँडवर पंक्चर झाली आणि सगळे खाली उतरले. मी म्हटलं, मला कर्मणी प्रयोग काही केल्या कळत नाही.

ते म्हणाले, "तुम्ही साजगावच्या जत्रेला जाता ना? मग सोपं आहे." कार्तिकात इथे बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. "रामाने बोंबील खाल्ला. आता बोंबलाच्या जागी सुकट घाला." मी म्हटलं, "रामाने सुकट खाल्ली." "आता रामाच्या जागी सीता घाला." "सीतेने सुकट खाल्ली." "बघा, माणूस बदलला तरी क्रियापद हललं नाही. मासळी बदलली की हललं. क्रियापद मासळीचं ऐकतं, म्हणून कर्मणी. माणसाचं ऐकलं असतं तर कर्तरी, राम बोंबील खातो, सीता बोंबील खाते. आणि कुणाचंच ऐकलं नाही तर भावे, आईने मुलाला निजवले, आईने मुलीला निजवले."

पाच मिनिटांचं काम. मी पुढे शाळेत लागले आणि बत्तीस वर्षं प्रयोग असेच शिकवले. एक शब्दही बदलला नाही. मुलं बोंबील म्हटलं की हसायची आणि हसली की विसरायची नाहीत. योगायोग असा की लग्न होऊन मी साजगावातच आले. दर कार्तिकात सुकटीचे ढीग बघताना हा प्रसंग आठवायचा. आमच्या ह्यांनाही तो माहीत होता. फक्त ज्याचा तो होता त्यांना माहीत नव्हतं.

ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर मी लिहायचं ठरवलं. पहिल्या पक्षाला हे शोभलं नसतं. पण मला विचारावंसं वाटतं : ज्या माणसानं दिलेली गोष्ट आपण जन्मभर वापरली त्याला ते कळवायचं नाही, कारण काय, तर तो पुरुष आणि आपण बाई? मग ते सभ्यपण कसलं? ती कृतघ्नताच झाली.

एका वर्गमैत्रिणीकडे त्यांचा नंबर होता. ते नाशिकला असतात असं तिनं सांगितलं. मी तिला म्हटलं, तू विचार, मग दे. चार दिवसांनी तिनं नंबर पाठवला, "चालेल म्हणाले" असं लिहून.

मग मी कच्चा मजकूर लिहिला, वहीतच. तो एक पानभर झाला. त्यात एस.टी. होती, खिडकी होती, "कधी कधी वाटतं" असं सुरू होणारी दोन वाक्यं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला तर माझीच मला वही परत द्यावीशी वाटली. त्यात त्यांच्याबद्दल फार थोडं होतं. सगळं माझ्याबद्दल होतं.

तेव्हा मला पोस्टकार्ड आठवलं. आमच्या तरुणपणी निम्मा पत्रव्यवहार पोस्टकार्डावर व्हायचा. ते उघडं असायचं. पोस्टमन वाचायचा, शेजारी वाचायचे, सासूबाई तर वाचायच्याच. त्यामुळे त्यावर काय लिहायचं आणि काय नाही हे हाताला कळायचं. फोन आला आणि आपल्याला वाटायला लागलं की हे बंद पाकीट आहे. साफ चूक. आपल्या वयाच्या माणसांचा फोन म्हणजे उघडं पोस्टकार्ड. तो टेबलावर पडलेला असतो. कुलूप असलं तरी मेसेजची पहिली ओळ बाहेर दिसते. कुणाला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून नातवंड वाचून दाखवतं. कुणाचा फोन मुलगाच हाताळतो. माझ्या स्वयंपाकघरात जे झालं ते याचमुळे झालं. म्हणून मी एकच कसोटी लावली : हे पोस्टकार्डावर लिहून त्यांच्या घरी पाठवलं असतं का? जे वाक्य पास झालं नाही ते कापलं. खिडकी गेली. "कधी कधी वाटतं" गेलं. उरलं ते असं :

"नमस्कार. मी अमुक तमुक (इथे माहेरचं पूर्ण नाव लिहिलं, मग सासरचं). पनवेलला बी.ए.ला मराठी विषयाला तुमच्या वर्गात होते, १९७४ ची बॅच. तुमचा नंबर आपल्या वर्गमैत्रिणीनं तुम्हाला विचारून दिला. चौकच्या स्टँडवर तुम्ही मला बोंबील आणि सुकटीचं उदाहरण देऊन कर्मणी प्रयोग समजावला होता. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि प्रयोग याच उदाहरणानं शिकवले. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून लिहिलं. उत्तर पाठवायलाच हवं असं काही नाही. तुम्हाला व घरच्या सर्वांना नमस्कार."

यात काय आहे ते बघा. नाव पहिल्याच ओळीत आहे, म्हणजे बाहेर दिसलं तरी नाव दिसेल, कोडं दिसणार नाही. नंबर कसा मिळाला ते आहे, म्हणजे "ही इथवर पोचली कशी" ही धाकधूक नाही. आठवण एकच आहे आणि ती त्यांच्या कामाची आहे, त्यांच्या रूपाची किंवा हसण्याची नाही. आजच का लिहिलं त्याचं कारण आहे. उत्तराची मोकळीक आहे. आणि घरच्यांना नमस्कार आहे. हा शेवटचा नमस्कार लोक उगीचची रीत समजतात. तो उगीच नाही. त्या घरात माझ्याशिवाय दुसरी माणसं आहेत हे मला ठाऊक आहे, असं त्यातून कळतं.

काय नाही तेही बघा. "तुम्ही कसे आहात, मुलं किती, काय करतात" असं काही नाही. प्रश्नचिन्ह एकही नाही. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. माझा फोटो नाही, त्यांच्या जुन्या फोटोची मागणी नाही. फुलं, सूर्य, सुविचार नाहीत. "आवडायचात" नाही.

"मग खरं काय ते लपवलंतच की," असं मैत्रीण म्हणाली. मी तिला म्हटलं, लपवलं नाही, माझ्यापाशी ठेवलं. माझ्या सुकटीच्या आठवणीतलं जे त्यांचं होतं ते त्यांना दिलं. खिडकीतून बाहेर बघणं माझं होतं. ते त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

अकरा दिवस उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा दिसतात का, हे मी दोनदा पाहिलं, हेही सांगून टाकते. पाहू नये. खुणा दिसल्या नाहीत तर वाचलं नाही असंही नसतं, कित्येकांनी ती सोय बंद केलेली असते. फेसबुकवर ओळख नसलेल्याला लिहिलं तर ते वेगळ्याच कप्प्यात जाऊन पडतं आणि वर्षभर दिसत नाही. तेव्हा उत्तर न येण्याचा अर्थ लावत बसण्यात काही हशील नाही.

बाराव्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज. "मी त्यांची पत्नी बोलते. त्यांना दृष्टी फार कमी आहे आता, मीच वाचून दाखवते सगळं. तुमचं पत्र मी वाचलं." (पत्रच म्हणाल्या.) "दोनदा वाचायला लावलं त्यांनी. जत्रेत अजून सुकट मिळते का विचारताहेत." मग फोन त्यांच्याकडे दिला. आम्ही सहा-सात मिनिटं बोललो. तुम्ही-तुम्ही करतच. त्यांना चौकच्या स्टँडवरचं ते अजिबात आठवत नव्हतं. म्हणाले, "मी असं उदाहरण दिलं? चांगलं आहे की."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की वहीतला तो पानभर मजकूर पाठवला असता तर तो त्या माउलीला मोठ्यानं वाचावा लागला असता. नवऱ्यासमोर बसून, स्वतःच्या तोंडानं. माझ्या अंगावर काटा आला. आणि कार्तिकात मी त्यांच्या घरी सुकटीचं पुडकं पाठवलं, बाईंच्या नावानं.

हे सगळं छान जुळलं म्हणून मी हे लिहीत नाही. उत्तर आलं नसतं तरी माझं पत्र बरोबरच होतं, कारण त्याला उत्तराची गरज नव्हती. गृहस्थ मंडळींनी मुख्य धडा घ्यायचा तो हाच. एकदा लिहावं. एकाच मार्गानं. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या मार्गानं जाऊ नये, मुलाच्या फोनवर करू नये, ग्रुपवर "आमच्याशी बोलत नाही बुवा" अशी टिंगल करू नये. स्पष्ट नकोसं दाखवल्यावरही पुरुषानं बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वयाची सवलत त्यात नाही. अर्थात एका साध्या पत्रानं कुणी गुन्हेगार होत नाही आणि गप्प राहणं म्हणजे कायद्यातला स्पष्ट नकार असेलच असं नाही. पण सभ्य माणसाला कायद्याइतकं स्पष्ट सांगावं लागू नये. गप्प राहणं हे पुरेसं उत्तर आहे.

आणि काही वेळा लिहूच नये. तेव्हा तोंडावर नाही म्हटलं गेलं असेल तर आज पन्नास वर्षांनी ते "हो" होत नाही. नुकतंच कुणी गेलं असेल तर नाही. आणि आपलं स्वतःचं घर विसकटलेलं असताना, रात्री झोप येत नाही म्हणून, तर मुळीच नाही. रात्री लिहिलेलं सकाळी वाचावं आणि पोस्टकार्डाची कसोटी लावावी. ज्याला सांगण्यासारखं त्या दुसऱ्या व्यक्तीचं काही सापडतच नाही, फक्त स्वतःचंच सापडतं, त्यानं समजावं की आपल्याला त्या व्यक्तीला लिहायचं नाही, आपल्या तरुणपणाला लिहायचं आहे. त्यासाठी वही आहे.

त्या सूर्योदयवाल्या गृहस्थांना मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं होतं. लिहिलं, "ग्रुपवरून नंबर ओळखला. आपण वर्गात एकमेकांना अहो म्हणत होतो, तसंच ठेवू या. सध्या मी कुणाशी खाजगीत बोलत नाही. तुमच्या घरच्यांना नमस्कार." त्यांचा अंगठा आला. त्यानंतर काही नाही.

त्या अंगठ्याबद्दल मात्र मी त्यांचे मनापासून आभार मानते. एवढ्यावर थांबणंही पुष्कळांना जमत नाही.

असो. जत्रा जवळ आली आहे. नाशिकहून निरोप आहे, यंदा बोंबीलही हवेत.